छोट्या व्यापाऱ्यांसमोर जीएसटीवर पाऊण तास बोलायचं आहे, नेमकं काय सांगू?

मीनल_हिशेब

नमस्कार मंडळी. मी एका कर सल्लागारांच्या ऑफिसात रिटर्न्स भरण्याचं काम करते. पुढच्या महिन्यात व्यापारी संघटनेने मला 'रिटर्न भरण्याची तोंडओळख' या विषयावर बोलायला बोलावलं आहे. समोर साधारण हार्डवेअर, इलेक्ट्रिकल, स्टेशनरीवाले असतील. बहुतेकांचं रिटर्न दुसराच कुणीतरी भरतो, आणि त्यांच्या लेखी जीएसटी म्हणजे महिन्यातून एकदा बिलांची पिशवी पोचवणं.

वेळ पाऊण तास. आयोजकांनी मुदती, नोंदी कशा ठेवायच्या आणि नेहमीच्या चुका असं तिन्ही मागितलं आहे. मी तारखांचा एक मोठा तक्ता केलाय, पण तो पडद्यावर लावला की पाचव्या मिनिटाला लोक मोबाईल काढतील ही खात्री आहे. दुकानदार असाल तर तुम्हाला काय ऐकायला आवडेल? आणि जाणकारांनो, एकच गोष्ट सांगायची तर कुठली?

चिल्लर

पहिली गोष्ट: चहा आधी ठेवा, शेवटी नको. शेवटी ठेवला तर सगळे चहाच्या वेळेलाच येतात.

बिनधास्त_बंड्या

ताई, उगाच अवघड करू नका. वीस तारखेच्या आत चलन भरायचं, विषय संपला. मी दर महिन्याला अंदाजाने पैसे भरून टाकतो, रिटर्न काय सल्लागार सवडीने टाकतो. आजवर व्याजाची नोटीस आली नाही.

जुनाजाणता

मीनल, तारखांचा तक्ता लावूच नका. तीनच तारखा सांगा, पण त्यांचं एकमेकींशी नातं समजावून सांगा. अकरा, चौदा, वीस. महिन्याचं रिटर्न भरणाऱ्या पुरवठादाराने ११ तारखेपर्यंत आपली विक्री आर-वनमध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये टाकायची. १४ला पोर्टल तुमची टू-बी काढतं, म्हणजे कुणी कुणी तुमच्या नावावर विक्री दाखवली त्याची यादी. आणि २०ला तुम्ही थ्री-बी भरायची, म्हणजे विक्रीवरच्या करातून खरेदीवरच्या कराचं क्रेडिट वजा करून उरलेला कर भरायचं रिटर्न. तुमच्या हातात पक्कं बिल असेल, पैसे दिले असतील, माल फळीवर असेल, तरी ते बिल टू-बीत नसेल तर त्या महिन्यात क्रेडिट घेता येत नाही. व्यापाऱ्याच्या डोक्यात हेच शिरत नाही, कारण व्हॅटच्या जमान्यात त्याने बिल दाखवून क्रेडिट घेतलेलं असतं.

चौदा ते वीस हे सहा दिवस म्हणजे तुमचं सगळं भाषण. त्यातच मुदत आली, नोंदी आल्या आणि चुकाही आल्या.

बंड्या, तुम्ही अर्धं बरोबर बोलताय. मुदतीआधी भरलेले पैसे रोख खात्यात तसेच पडून असतील तर उशिरा रिटर्न टाकलं तरी तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, २०२४च्या जुलैपासून नियमात तसं स्पष्ट आलंय. पण चलन म्हणजे रिटर्न नव्हे. पैसे खात्यात आले एवढंच, ते सरकारने कर म्हणून घेतले असं रिटर्न टाकल्यावरच होतं. तोवर विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये चालूच. शिवाय मागची थ्री-बी राहिली की पुढचीही भरता येत नाही.

बिनधास्त_बंड्या

बघा, व्याज नाही म्हणालो ना!

अनुराधा_के

बंड्या, त्यांचं दुसरं वाक्यही वाचा की.

मीनल, मी दिराच्या स्टेशनरीच्या दुकानाचे हिशेब बघते. सहा दिवसांचा मुद्दा शंभर टक्के पटला. पण आमच्याकडे खरी अडचण वेगळी आहे. चौदाला मी टू-बी उघडते, एकूण बेरीज बघते, आमच्या खरेदीच्या वहीशी थोडा फरक येतो, मग एखादं बिल सापडतं आणि वाटतं झालं. नंतर वर्षाअखेरीस सल्लागार सांगतो की तसं झालेलंच नाही. बेरजेवर भागत नाही का? दर महिन्याला शंभर-सव्वाशे बिलं एकेक करून बघायची का?

जुनाजाणता

अनुराधाताई, बेरजेवर अजिबात भागत नाही. का ते एका उदाहरणात दाखवतो. मीनल, हवं तर हेच पडद्यावर लावा. आकडे बेताचे ठेवलेत.

इलेक्ट्रिकलचं दुकान, दरमहा रिटर्न भरणारं. महिना मे. विक्री ६,००,००० रुपये, कर १८ टक्के, म्हणजे विक्रीवरचा कर १,०८,०००. खरेदीच्या वहीप्रमाणे माल ५,००,००० रुपयांचा, त्यावरचा कर ९०,०००. वहीवर विश्वास ठेवला तर भरायचे १८,०००.

१४ जूनला टू-बी उघडली. तिथे कराची बेरीज ८६,४००. फरक ३,६००. वही चाळली तर २०,००० रुपयांच्या तारांचं एक बिल टू-बीत नाही, त्यावरचा कर बरोब्बर ३,६००. आता सांगा, कोण पुढे शोधेल? नव्वद टक्के लोक इथेच थांबून थ्री-बी टाकतात, ८६,४०० क्रेडिट घेऊन २१,६०० भरतात आणि निवांत झोपतात.

पण बिलं एकेक जुळवली तर वेगळंच दिसतं. वहीतली तीन बिलं टू-बीत नाहीत. एक ते तारांचं, ३,६०० कराचं. दुसरं स्विचचं, १५,००० रुपये आणि कर २,७००. तिसरं तेवढ्याच रकमेचं, बल्बचं. एकूण गहाळ कर ९,०००. आणि उलट टू-बीत एक बिल आहे जे दुकानाच्या वहीत नाहीच: ३०,००० रुपयांचं वॉशिंग मशीन, कर ५,४००. मालकांनी घरी घेतलं आणि शोरूमवाल्याने विचारलं म्हणून दुकानाचा जीएसटी नंबर सांगितला. नऊ हजार कमी आणि चौपन्नशे जास्त, म्हणून वर फक्त छत्तीसशे दिसले. ते एका बिलाशी जुळले हा निव्वळ योगायोग.

घरच्या वापराच्या वस्तूचं क्रेडिट मिळत नाही. तेव्हा थ्री-बीच्या तक्ता ४मध्ये वरच्या ओळीत ८६,४०० येऊ द्यायचे, आणि कायमचं उलटवण्याची जी ओळ आहे, 4(B)(1), तिथे ५,४०० टाकायचे. निव्वळ क्रेडिट ८१,०००. भरायचे २७,०००. टू-बीत न आलेल्या तीन बिलांसाठी काहीही उलटवायचं नाही, कारण ती वर घेतलेलीच नाहीत. इथे बरेच अकाउंटंट दोनदा वजा करतात.

हे ५,४०० चुकून वापरले आणि वर्षाने सापडले, तर १८ टक्क्यांनी ९७२ रुपये व्याज आणि मूळ रक्कम परत. रक्कम मोठी नाही. पण त्यावर खुलासे देत बसावं लागतं ते वेगळंच.

चिल्लर

वॉशिंग मशीनने हिशेबही धुतला.

अनुराधा_के

बाप रे. हे आमच्याकडे शंभर टक्के झालंय, फ्रिजच्या बाबतीत. आज रात्री वही काढते.

पण ती राहिलेली तीन बिलं? ते ९,००० गेले का?

जुनाजाणता

गेले नाहीत, पण तिघांचं दुखणं वेगवेगळं आहे. म्हणून औषधही वेगळं.

स्विचवाला तिमाही रिटर्न भरतो. त्याने मे महिन्याची बिलं १३ जूनपर्यंत मधल्या सोयीने टाकली असती, पोर्टलवर IFF म्हणून आहे ती, तर ती तुमच्या मेच्या टू-बीत आली असती. पण ती सोय ऐच्छिक आहे. त्याने टाकली नाहीत, तर एप्रिल ते जूनची सगळी बिलं तो १३ जुलैपर्यंत टाकेल आणि ती तुम्हाला १४ जुलैला दिसतील. इथे काहीच करायचं नाही, थांबायचं.

बल्बवाल्याने ३१ मेचं बिल जूनच्या विक्रीत टाकलं. तेही १४ जुलैला येईल. इथेही थांबायचं, पण एक फोन करून खात्री करायची.

तारांचं बिल मात्र आपोआप कधीच येणार नाही. दुकानातला मुलगा माल आणायला गेला, काउंटरवर नंबर दिला नाही, बिल साध्या गिऱ्हाइकाचं निघालं. पुरवठादाराने कर भरलाय, पण तुमच्या नावावर नाही. त्याला पुढच्या आर-वनमध्ये ती रक्कम किरकोळ विक्रीतून कमी करून तुमच्या नंबरावर बिल दाखवावं लागेल. त्यासाठी मागे लागावं लागतं, आणि ते त्याच आठवड्यात. मार्चमध्ये नाही.

फोन करायच्या आधी बिलाकडे नीट बघा. तुमचा १५ अक्षरी नंबर बिलावर छापलेला असेल आणि तरी टू-बीत नसेल, तर चूक त्याची. नंबरच नसेल, तर चूक तुमची. बोलण्याचा सूर त्यावर ठरवा.

घाऊक_गणपत

मी पुरवठादाराच्या बाजूने बोलतो. मंडळी, सगळा दोष आमच्यावर टाकू नका. सकाळी गर्दीत माणूस येतो, रोख देतो, बिल घेऊन जातो. वीस दिवसांनी त्याचा अकाउंटंट फोन करतो की 'जीएसटी नंबर टाकून द्या'. तोवर माझं आर-वन गेलेलं असतं. मग मी दुरुस्त्या करायच्या, माझ्या रिटर्नचा आकडा हलवायचा, आणि उद्या मलाच विचारणा झाली की किरकोळ विक्री का कमी केली, तर उत्तर द्यायचं. पाच-सहाशे रुपयांच्या करासाठी मी सरळ नाही म्हणतो.

आमच्या काउंटरवर मोठ्या अक्षरात पाटी आहे: जीएसटी नंबर बिल काढण्याआधी सांगा. वाचतं कोण!

बिनधास्त_बंड्या

गणपतशेठ, आर-वन रिव्हाइज करता येतं की. आमच्या सल्लागाराने केलंय.

जुनाजाणता

रिव्हाइज नाही हो. भरलेलं आर-वन उघडून बदलता येत नाही. २०२४च्या ऑगस्टपासून GSTR-1A नावाची सोय आली आहे, तिच्यात त्याच महिन्याची थ्री-बी भरायच्या आधी राहिलेलं किंवा चुकलेलं टाकता येतं. थ्री-बी गेली की ती दारं बंद, मग पुढच्या महिन्यांच्या आर-वनमध्ये दुरुस्ती. आणि 1A मधून टाकलेलं बिल घेणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या टू-बीत दिसतं, त्याच महिन्याच्या नाही. तुमच्या सल्लागाराने बहुधा हेच केलं असेल.

गणपतशेठ, तुमची पाटी योग्यच आहे. माझ्या अशिलांना मी सांगतो, माल आणणाऱ्या पोराच्या मोबाईलमध्ये नंबराचा फोटो ठेवा.

प्रभाकर_स

मी कंपोझिशनमध्ये आहे, म्हणजे विक्रीवर ठरावीक दराने कर भरायच्या योजनेत. माझी टू-बी मी कधी उघडलीच नाही. हे वाचून घाबरलो. माझं किती क्रेडिट बुडालं असेल?

मीनल_हिशेब

काका, काळजी करू नका. कंपोझिशनवाल्यांना खरेदीचं क्रेडिट मिळतच नाही, त्यामुळे बुडायला काही नाही. तुमचं काम तिमाही संपल्यावर १८ तारखेपर्यंत CMP-08 आणि वर्षाचं GSTR-4, ते ३० जूनपर्यंत. खरेदीची बिलं मात्र तरीही ठेवा. विक्री ठरलेल्या मर्यादेत आहे हे दाखवायची वेळ आली तर खरेदीच कामी येते.

आणि हो, तुमच्या बिलावर गिऱ्हाइकाकडून वेगळा कर लावू नका. आमच्याकडे अशी दोन प्रकरणं आली होती.

प्रभाकर_स

वेगळा नाही लावत. धन्यवाद बाळा. धाग्याचा विषय सोडून विचारलं, माफी.

सई_१२

विषयाला सोडून आणखी एक. यूपीआयने दोन हजाराच्या वर पैसे घेतले की जीएसटी लागतो असं आमच्या ग्रुपवर फिरतंय. आमचं छोटं भेटवस्तूंचं दुकान आहे, नोंदणी नाही. क्यूआर कोड काढून टाकावा का?

अनुराधा_के

सई, ते खोटं आहे. एप्रिल २०२५मध्ये अर्थखात्याने तसा प्रस्ताव नाही असं सांगितलं होतं. पैसे कसे घेतले यावर कर नसतो, काय विकलं यावर असतो.

जुनाजाणता

खरं. पण क्यूआर कोड काढून काही साधत नाही, आणि त्यात एक गोम आहे. २०२५च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून बऱ्याच लहान दुकानदारांना नोटिसा गेल्या. मालाच्या विक्रीसाठी वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण खात्यात आलेली सगळी रक्कम विक्रीच आहे असं बाहेरून दिसतं. त्यात भावाने परत केलेले उसने पैसे असतील, भिशीचे असतील, घरभाडं असेल. ते वेगळं करून दाखवायची जबाबदारी तुमची. तेव्हा सई, दुकानाचा क्यूआर वेगळ्या खात्याला जोडा आणि घरचे पैसे त्यावर घेऊ नका. एवढंच.

शून्य_विक्री

माझा प्रश्न आहे. मी एक छोटा ऑनलाइन धंदा सुरू केला होता, नोंदणी केली, मग सहा महिने विक्रीच झाली नाही. विक्री नाही तर रिटर्न कशाचं, म्हणून काहीच भरलं नाही. आता पोर्टलवर लाल अक्षरात काहीतरी येतंय.

मीनल_हिशेब

ही चूक भाषणात घ्यायचीच आहे, फार सापडते. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावं लागतं. शून्य रिटर्नला विलंब शुल्क दिवसाला २० रुपये, आणि एका थ्री-बीला जास्तीत जास्त ५०० रुपये. सहा महिन्यांचं दरमहा असेल तर साधारण ३,०००. पण खरी भीती त्याची नाही. दरमहावाल्याने सलग सहा महिने रिटर्न भरलं नाही तर नोंदणी रद्द करण्याची कारवाई होऊ शकते. ते लाल अक्षर बहुधा त्याचीच कारणे दाखवा नोटीस असेल. आधी ती उघडून उत्तराची मुदत बघा.

पुढे खरंच शून्य असेल तर पोर्टल उघडायचीही गरज नाही. नोंदणी केलेल्या मोबाईलवरून १४४०९ला एसएमएस जातो:

```
NIL 3B <GSTIN> <MMYYYY>
```

उत्तरात सहा अंकी कोड येतो, तो `CNF 3B` आणि कोड असा परत पाठवायचा. तिमाही भरत असाल तर तिमाहीचा शेवटचा महिना टाकायचा.

जुनाजाणता

मीनल, एक भर. विक्री शून्य म्हणजे रिटर्न शून्य असं नाही. त्या महिन्यात वेबसाइटचं किंवा पॅकिंगच्या खोक्यांचं बिल आलं असेल आणि त्याचं क्रेडिट हवं असेल, तर ते शून्य रिटर्न नव्हे. एसएमएसने शून्य पाठवलं की त्या महिन्यात क्रेडिट घेतलंच जात नाही. बरेच नवे लोक इथे पहिल्या वर्षाचं क्रेडिट घालवतात.

शून्य_विक्री

खोक्यांचं बिल आहेच. म्हणजे पोर्टलवरूनच भरावं लागणार. धन्यवाद दोघांना. नोटीस उघडतो.

घाऊक_गणपत

परत मूळ विषयावर येतो, कारण एक गोष्ट मनात आहे. हल्ली गिऱ्हाईक दुकानदार बिलातला कर रोखून धरतात. 'टू-बीत दिसलं की कराचे पैसे देऊ' म्हणतात. मी महिन्याला रिटर्न भरतो, कर माझ्या खिशातून आधीच जातो, आणि हे लोक तीन-तीन महिने अडकवतात. मीनलताई, भाषणात हे शिकवू नका कृपया.

अनुराधा_के

शेठ, मी हेच करते आणि करत राहणार. दोन पुरवठादारांनी आमचा कर घेतला आणि भरला नाही. क्रेडिट गेलं ते आमचं. चौदा तारखेला दिसलं की पंधराला पैसे. तुमच्यासारखे वेळेवर भरणाऱ्यांना जास्तीत जास्त दीड महिना थांबावं लागतं.

घाऊक_गणपत

दीड महिन्याचं भांडवल कुठून आणू? १८ टक्के कर, माझी मिळकत चार टक्के.

जुनाजाणता

यात दोघांचंही खरं आहे, आणि मला वाटत नाही याला एक उत्तर आहे. कायद्याने एक मर्यादा मात्र आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत करासकट पैसे दिले नाहीत, तर घेणाऱ्याला न दिलेल्या रकमेइतकं क्रेडिट परत करावं लागतं, व्याजासह. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं. तेव्हा अनुराधाताई, 'दिसलं की देऊ' हे सहा महिन्यांपर्यंत ताणू नका.

दुसरं, टू-बीत दिसलं म्हणजे पुरवठादाराने कर भरलाच असंही नाही. त्याने आर-वन टाकलं आणि थ्री-बी टाकलीच नाही, तरी बिल तुम्हाला दिसतं. वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० सप्टेंबरपर्यंतही त्याने थ्री-बी भरली नाही, तर तुम्ही ३० नोव्हेंबरपर्यंत ते क्रेडिट परत करायचं. म्हणून नव्या पुरवठादाराकडून मोठा माल घ्यायच्या आधी पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये त्याचा नंबर टाका. खाली रिटर्न भरल्याच्या तारखा दिसतात. दर महिन्याला थ्री-बी २५-२६ला जात असेल तर तो ढिसाळ. चार महिने गेलीच नसेल तर माल कितीही स्वस्त असला तरी विचार करा.

चिल्लर

म्हणजे लग्न जमवताना पत्रिका बघतात तसं.

जुनाजाणता

पत्रिकेपेक्षा भरवशाचं आहे.

मीनल_हिशेब

हे सगळं सोन्यासारखं आहे. भाषण असं करते: सुरुवातीला वॉशिंग मशीनचं उदाहरण, लोकांनाच विचारते की फरक कुठे आहे. मग तिन्ही बिलांचं वेगवेगळं कारण. तारखा त्या ओघात येतील.

आता नोंदींबद्दल. माझ्या मते खरेदीच्या वहीत आणखी दोन रकाने हवेत: बिल टू-बीत आलं तो महिना आणि क्रेडिट घेतलं तो महिना. एवढं असलं की थांबलेली बिलं आपोआप वर दिसतात. सॉफ्टवेअर असलं तरी बिलाच्या मागे पेन्सिलने लिहा. तुम्हाला काय वाटतं?

अनुराधा_के

रकान्यांची कल्पना आवडली. एक सांगेन, बिल क्रमांक लिहिताना जसा आहे तसाच लिहा. आमच्या वहीत '२३' आणि पोर्टलवर 'A/23/25-26', त्यामुळे सॉफ्टवेअरने दोन्ही बिलं न जुळलेली दाखवली. मी आधी पुरवठादाराचा नंबर आणि कराची रक्कम जुळवते, क्रमांक शेवटी.

आणि थर्मल कागदाची बिलं! सहा महिन्यांत कोरी होतात. आल्याच दिवशी फोटो काढून ठेवते.

जुनाजाणता

फोटो ठेवाच. नोंदी वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. २०२३-२४चं वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर २०२४ला होतं, म्हणजे त्या वर्षाची बिलं ३१ डिसेंबर २०३०पर्यंत. थर्मल कागद तेवढा टिकणार नाही.

मीनलच्या दोन रकान्यांना मी तिसरा जोडेन: माल आल्याची तारीख. कारण बिल टू-बीत आलं पण महिनाअखेरीस माल वाटेत होता, तर त्या महिन्यात क्रेडिट घ्यायचं नसतं. आधी 4(B)(2)मध्ये तात्पुरतं उलटवायचं आणि माल आला की पुढच्या महिन्यात परत घ्यायचं. वॉशिंग मशीनसारखं 4(B)(1)मध्ये टाकलंत तर ते कायमचं गेलं असा अर्थ होतो. ही दोन घरं लोक सर्रास उलटीसुलटी भरतात.

शेवटची मुदत सांगायची राहिली. एखाद्या आर्थिक वर्षाच्या बिलाचं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं, वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तेव्हापर्यंत. तारांचं ते बिल मेमध्ये सुटलं आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये आठवलं, तर पुरवठादार कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

सई_१२

रोज पन्नास-शंभर रुपयांचे फुटकळ गिऱ्हाईक असतात, नोंदणी केल्यावर प्रत्येकाला बिल द्यावं लागेल का? पुढच्या वर्षी चाळीस लाख ओलांडेल असं वाटतंय.

मीनल_हिशेब

सई, २०० रुपयांच्या आतली विक्री असेल, घेणारा नोंदणीकृत नसेल आणि त्याने बिल मागितलं नसेल, तर वेगळं बिल नको. मात्र दिवसाअखेरीस अशा सगळ्या विक्रीचं एक एकत्र बिल करायचं. रोजच्या रोज. आठवड्याचं एकदम नाही.

आणि नोंदणीसाठी वर्ष संपायची वाट बघू नका. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. करमुक्त माल विकत असाल तर तोही उलाढालीत मोजतात.

दिगंबर_पी

उशिरा येतोय. एक खरी अडचण. माझ्या एका पुरवठादाराची नोंदणी दीड वर्षाने रद्द झाली, तीही मागच्या तारखेपासून. मी माल घेतला तेव्हा तो चालू होता, टू-बीत बिल होतं, पैसे बँकेतून दिले. आता मला नोटीस आली की क्रेडिट परत करा. मी काय चुकलो?

बिनधास्त_बंड्या

काही चुकला नाहीत. भरू नका, कोर्टात जा.

जुनाजाणता

दिगंबर, बंड्यांचं ऐकून थेट कोर्टाची वाट धरू नका, आधी नोटिशीला मुदतीत उत्तर द्या. अशा प्रकरणांत निकाल एकसारखे लागत नाहीत, म्हणून मी निकालाची हमी देणार नाही. पण उत्तरात काय जोडता यावर बरंच ठरतं. बिल, ई-वे बिल असेल तर ते, वाहतूकदाराची पावती, माल आल्याची नोंद, बँकेतून गेलेल्या रकमेचा उतारा, आणि तो माल पुढे कुणाला विकला त्याची बिलं. माल खरंच आला हे कागदावर दिसलं पाहिजे. खरेदीच्या दिवशी त्याची नोंदणी चालू होती याचा पोर्टलवरचा फोटो असेल तर उत्तम.

दिगंबर_पी

वाहतूकदाराची पावती नाही. टेम्पो त्याचाच होता. ई-वे बिल आहे.

जुनाजाणता

मग ई-वे बिलावरचा गाडी नंबर बघा आणि त्या टेम्पोच्या मालाची तुमच्या गोदामातली आवक नोंद शोधा. तेही नसेल तर उत्तर थोडं लंगडं राहील. नोटिशीवरची तारीख काय आहे?

दिगंबर_पी

गेल्या आठवड्यातली. घरी जाऊन नीट बघून सांगतो.

मीनल_हिशेब

दिगंबरजी, नोटीस कुठल्या कलमाखाली आहे तेही सांगा, उत्तर त्यावर ठरेल. दरम्यान मी खरेदीच्या वहीचा नमुना बनवतेय, तिन्ही रकान्यांसह. उद्या इथे टाकते, कुणाला काही कमी-जास्त वाटलं तर सांगा. गणपतशेठ, तुमच्या काउंटरच्या पाटीवरचं वाक्य घेतलं तर चालेल ना?

घाऊक_गणपत

घ्या, घ्या. निदान तिथे तरी कुणी वाचेल.